एकांकिकेतली मारामारी: सूत्रं मार खाणाऱ्याच्या हातात

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत दोन भावांचं भांडण आहे. थोरला धाकट्याच्या कानाखाली वाजवतो, मग गळा धरतो, ढकलतो आणि धाकटा खाटेवरून मागे पडतो. स्पर्धेला पाच आठवडे आहेत. परवा तालमीत धाकट्याला खरंच लागलं आणि आता दोघंही बिचकतात. हे खरं वाटावं आणि कुणाला लागू नये, असं कसं बसवायचं? तालमी कशा घ्यायच्या, एकमेकांना खुणा काय ठेवायच्या?

उत्तर:

परवा नेमकं कसं लागलं, हे आधी दोघांना समोरासमोर बसवून विचारा. दोष कुणाचा ते शोधू नका, फक्त क्रम विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं की "त्यानं एकदम हात टाकला", नाहीतर "मी वळलो आणि तेवढ्यात त्याचा हात आला". दोन्हींत घडलेलं एकच आहे: मारण्याचा क्षण मारणाऱ्यानं ठरवला. रंगमंचावर तो क्षण मार खाणाऱ्यानं ठरवायचा असतो. आपला पाय कुठे आहे, तोल कुठे आहे, श्वास घेतला की सोडला, हे फक्त त्यालाच माहीत असतं आणि चुकलं तर लागणारही त्यालाच असतं. मारणाऱ्याचं काम त्याच्या मागोमाग जाऊन चित्र पूर्ण करणं एवढंच. ब्रिटनमध्ये १९६९ साली आणि अमेरिकेत १९७७ साली फाइट डिरेक्टरांच्या संघटना उभ्या राहिल्या. रंगमंचावरच्या मारामारीचं तिथलं शिक्षणही याच शिस्तीवर उभं आहे.

हे दोघांच्या अंगात उतरवायला ढकलण्यापासून सुरुवात करा. दोघांना मोकळ्या जागेत उभं करा. थोरला दोन्ही तळवे धाकट्याच्या छातीवर, गळपट्टीच्या हाडाखाली सपाट ठेवेल, कोपरं वाकलेली. आता धाकट्यानं स्वतःहून मागे जायचं आणि थोरल्यानं फक्त तळवे छातीला टेकलेले ठेवत हात लांबवायचे. जोर शून्य. धाकट्याच्या पायातून निघालेली हालचाल थोरल्याच्या हातातून निघाल्यासारखी दिसते. ते नीट जमल्यावर तिसऱ्याला समोर बसवून बघायला सांगा, त्याला जोरात ढकललेलं दिसेल. धाकट्याच्या मनातली भीती इथेच कमी होते, कारण आपण गेल्याशिवाय काही होत नाही हे त्याला कळतं. थोरल्याचाही जीव भांड्यात पडतो. परवापासून बिचकत तोही असतो.

मग प्रसंग कागदावर उतरवा. "इथे दोघांची झटापट होते" एवढंच संहितेत लिहिलेलं असेल तर तालमीत दर वेळी वेगळी झटापट होते आणि लागतं ते त्यातच. तुमच्या प्रसंगात चार घाव आहेत: थप्पड, गळा, ढकलणं, पडणं. प्रत्येकापुढे कोण कुठे उभा, कोणता हात, कोणता पाय, खूण काय, आवाज कोण काढणार आणि खूण आली नाही तर काय करायचं, हे लिहा. शेवटचा रकाना लोक हमखास गाळतात, पण तोच सगळ्यात जास्त कामाचा आहे. चारही घाव मिळून २० सेकंदांच्या आत संपले पाहिजेत. त्याहून लांबलेली मारामारी कॉलेजच्या मुलांना पेलत नाही आणि प्रेक्षकही ती हालचाल म्हणून बघायला लागतात, भांडण मागे पडतं.

आता थप्पड. खरी थप्पड मारायची नाही, हलकीसुद्धा नाही. "हळूच मारतो, मला चालतं" असं धाकटाच म्हणेल, तरी नाही. थप्पड कानावर बसली तर पडदा फाटू शकतो. स्पर्धेच्या रात्री अंगात जो जोर चढतो त्यात हात तालमीपेक्षा वेगानं येतो आणि पावलंही नकळत जवळ पडतात. शिवाय खरी थप्पड बसली की धाकट्याचे पुढचे दोन संवाद वाहून जातात. तो भाऊ राहत नाही, गाल चोळणारा विद्यार्थी होतो.

रचना अशी करा. धाकटा प्रेक्षकांकडे तोंड करून उभा, थोरला त्याच्या पुढे, प्रेक्षकांकडे पाठ करून. थोरल्याच्या पाठीमुळे दोघांमधलं अंतर प्रेक्षकांना मोजता येत नाही. ते अंतर असं ठरवा: थोरल्यानं उजवा हात पूर्ण लांब करून थोडं पुढे झुकायचं आणि तरीही बोटांची टोकं धाकट्याच्या चेहऱ्यापासून वीतभर लांब राहिली पाहिजेत. झुकून मोजणं महत्त्वाचं, कारण जोशात माणूस झुकतोच. दोघांच्या चवड्यांपुढे जमिनीवर चिकटपट्टी लावा. थोरल्याचा हात त्याच्या उजवीकडून डावीकडे धाकट्याच्या नाकासमोरून आडवा जातो. नजरेचा नेम गालावर नसतोच, तो गालापलीकडे, हात जिथे संपणार त्या जागेवर असतो. हात नाकासमोर आला की धाकट्यानं पोटाजवळ, थोरल्याच्या पाठीआड, एका तळव्यावर दुसऱ्या हाताची बोटं चटकन वाजवायची. टाळीसाठी हात लांबून आणायचे नाहीत, बाजूच्या प्रेक्षकांना ते दिसतात. आवाज निघाला की मान आपल्या उजवीकडे वळवायची आणि डावा हात त्याच झटक्यात गालावर न्यायचा. टाळी वाजवणारा हात गालावर गेला की तो मुळात खाली होताच कशाला, हा प्रश्न कुणाला पडत नाही.

थप्पडेचा आवाज रेकॉर्डिंगवरून देऊ नका. साऊंडवाला कितीही तरबेज असला तरी आवाज एक क्षण मागेपुढे होतो आणि सभागृहात हशा पिकतो. आवाज ज्याला मार बसतो त्याच्याकडेच ठेवा.

खुणेचं आता नीट ऐका, तुमचा खरा प्रश्न तोच आहे. मार खाणाऱ्याची तयारी मारणाऱ्याला कळायला दोन गोष्टी लागतात: नजर आणि शब्द. थोरला पट्टीवर येऊन थांबतो आणि धाकट्याच्या डोळ्यांत बघतो. हे थांबणं प्रेक्षकांना राग आवरणं वाटतं, म्हणून त्याची लाज बाळगू नका, तो नाटकातला चांगला क्षण आहे. धाकट्याची नजर मिळाली की तो एक ठरलेलं वाक्य म्हणतो. समजा ते वाक्य आहे, "उचल ना हात, बघू." यातला "बघू" ही परवानगी. "बघू" ऐकू आल्याशिवाय थोरल्याचा खांदासुद्धा हलायचा नाही. आणि धाकट्यानंही पाय पट्टीवर, तोल सावरलेला, हात पोटाजवळ असल्याशिवाय तो शब्द उच्चारायचा नाही. मग थोरल्याचा हात मागे जातो. ही तयारी मोठी, स्वच्छ दिसली पाहिजे, कारण धाकट्यासाठी ती शेवटची सूचना असते आणि प्रेक्षकांसाठीही. मग हात, आवाज, मान.

खुणेसाठी शब्द निवडताना एक काळजी घ्या. तो वाक्याच्या शेवटी हवा आणि त्या प्रसंगात आधी कुठेही आलेला नसावा. पार्श्वसंगीत थपडेच्या आधी सुरू करू नका. दिग्दर्शकांना भांडण तापताना ढोल हवा असतो, पण त्या ढोलात "बघू" बुडतो. संगीत थपडेच्या आवाजानंतर उसळू द्या, परिणामही जास्त होतो. प्रकाशाचंही तेच. लुकलुकणारा दिवा किंवा घाव चालू असताना अंधार, दोन्ही नको. त्यात अंतराचा अंदाज जातो.

आणि "बघू" आलाच नाही तर? धाकटा वाक्य विसरला, पाय अडखळला, नजर मिळाली नाही. तेव्हा थोरल्यानं हात उचलायचाच नाही. त्याच्याकडे दुसरं वाक्य तयार हवं: "तुझ्यावर हात टाकायची सुद्धा लाज वाटते मला." म्हणायचं, पाठ फिरवायची, प्रसंग पुढे न्यायचा. पुढच्या संवादात थपडेचा उल्लेख असेल तर तो कोण कसा बदलणार, तेही ठरवा. ही सुटकेची वाट लेखकासोबत बसून लिहा आणि तिची मुद्दाम तालीम घ्या. धाकट्याला गुपचूप सांगा की आज एकदा "बघू" म्हणू नकोस, आणि थोरला खरंच थांबतो का ते बघा. हात हवेत गेला तर खूण अजून कानापर्यंतच पोचली आहे, अंगात उतरलेली नाही. वेग वाढवायची वेळ आलेली नाही, हे त्यावरून समजा.

गळा धरणं दिसायला भयंकर आणि करायला सोपं, जर गळ्याला हात लागलाच नाही तर. थोरल्याचे तळवे गळपट्टीच्या हाडांवर, बोटं खांद्यांकडे, अंगठे श्वासनळीपासून दूर. धाकटा हनुवटी खाली घेतो, त्यानं हात कुठे आहेत ते झाकलंही जातं. मग तो दोन्ही हातांनी थोरल्याची मनगटं धरतो आणि स्वतःच्या छातीवर दाबतो. थोरला हात सोडवून मागे ओढायचा प्रयत्न करतो. प्रेक्षकांना दिसतं उलटं: एक आवळतोय आणि दुसरा सुटायला धडपडतोय. दोघांच्या दंडाचे स्नायू खरोखर ताणलेले असल्यामुळे ते पटतं. धाकट्यानं मनगटं सोडली की पकड संपली, म्हणजे इथेही सूत्रं त्याच्याकडे. श्वास कोंडायचा नाही, आवाज घोगरा काढायचा असेल तर तो सोडलेल्या श्वासावर. या स्थितीत बोलता येत नाही, म्हणून खूण स्पर्शाची: धाकट्यानं थोरल्याच्या दंडावर दोनदा थोपटलं की ताबडतोब हात सोडायचे, ज्युदोवाल्यांना ही सवय असतेच.

तुमच्या प्रसंगातला मला न पटलेला भाग म्हणजे खाटेवरून मागे पडणं. मागे बघता येत नाही, खाटेची कड पोटऱ्यांना लागली की वरचं अंग एकदम मागे जातं, आणि पलीकडे डोकं नेमकं कुठे आपटेल हे कुणाच्याच हातात राहत नाही. अनुभवी माणसाला गाद्या लावून जे जमतं ते पाच आठवड्यांत, परक्या रंगमंचावर, दहा मिनिटांत लावलेल्या सेटवर करू नका. पडणं खाटेच्या अलीकडे आणा. धाकटा ढकलला जातो, मागे दोन पावलं टाकतो, पोटऱ्या कडेला टेकल्याचं जाणवलं की खाटेच्या कडेवर बसतो आणि तिथून कुशीवर जमिनीवर घसरतो. पडण्याची उंची निम्मी झाली, दिशा त्याला दिसते आणि भाऊ खाली आला हा अर्थ जसाच्या तसा राहतो.

खाट हलता कामा नये. सभागृहात रंगमंचावर खिळे ठोकू देतीलच असं नाही, म्हणून पायांना काठीला असतात तशी रबरी बुचं बसवा आणि मागच्या बाजूला वाळूची पिशवी ठेवा. खाटेपुढे सतरंजी अंथरायचा मोह होतो, पण सुटी सतरंजी लाकडी जमिनीवर सरकते आणि मऊ म्हणावी तर मऊही नसते. ती काढा.

आता अंगानं पडायचं कसं. लागतं ते हाडाच्या टोकांना: गुडघा, कोपर, मनगट, माकडहाड आणि डोकं. जमिनीला लावायचा तो मांसल भाग, एकापाठोपाठ एक. उजव्या कुशीवर पडायचं असेल तर उभ्यानं शिकताना उजवा पाय डाव्याच्या मागून तिरका न्यायचा, डावा गुडघा वाकवत बूड टाचेजवळ येईपर्यंत खाली जायचं. मग उजव्या पोटरीची बाहेरची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, कूल्हा या क्रमानं जमिनीला टेकवायचं. उजवा हात टेकवायचा नाही, तळवा जमिनीवरून पुढे सरकवत न्यायचा आणि त्या लांब झालेल्या दंडावर कान टेकवायचा. हनुवटी छातीकडे, श्वास बाहेर. "धप" हवा असेल तर मोकळ्या डाव्या तळव्यानं जमिनीवर मारा, डोक्यापासून लांब. पडणाऱ्याच्या मनात एकच उपजत ओढ असते, हात खाली रोवून स्वतःला वाचवायची, आणि मनगट मोडतं ते त्यामुळेच. तालमीत बाकी कशाआधी तेवढंच बघा: हात रोवला की सरकवला.

तयारी झाली की नाही हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. धाकट्याला हेच पडणं अतिशय हळू करायला सांगा, पाच आकडे मोजत. ज्याचा तोल आणि मांड्यांची ताकद जागेवर आहे त्याला ते जमतं. शेवटच्या वीतभर उंचीवर जो धपकन बसतो तो वेगातही तसाच बसणार, फक्त वेगात ते तुम्हाला दिसत नाही. तो आठवडाभर गादीवर राहील. आधी जाड गादी, मग जिमखान्यातली पातळ मॅट, मग उघडी जमीन. कबड्डी किंवा कुस्ती खेळणारा मुलगा असेल तर पडायला तो लवकर शिकतो, पण त्याला माती आणि मॅटची सवय असते, लाकडी फळ्यांवर तो बेफिकीर राहतो. लाठीकाठी, मर्दानी खेळ शिकलेल्यांना मारणाऱ्याची भूमिका देताना जास्त लक्ष ठेवा. त्यांच्या हाताला वर्षानुवर्षं नेम धरायची शिकवण असते आणि इथे नेम चुकवायचा असतो. काही जणांना ते अवघड जातं.

खाटेवरून घसरताना हाच खालचा अर्धा भाग वापरायचा: बूड कडेवरून सुटतं, मांडीची बाहेरची बाजू टेकते, हात पुढे सरकतो. धाकट्यानं खाटेपासून दूर, तिरकं जायचं, म्हणजे डोकं लाकडी कडेपासून हातभर लांब येईल. तिथेही एक पट्टी लावा, कान कुठे टेकणार त्याची.

पाच आठवड्यांची विभागणी अशी करा. पहिला आठवडा घाव एकही नाही, फक्त संवाद, जागा आणि खुणा. घावाच्या जागी थोरल्यानं तोंडानं "थप्पड" म्हणायचं. दुसऱ्या आठवड्यात चारही घाव सुटे सुटे, पाव वेगानं, आकडे मोठ्यानं मोजत. तिसऱ्यात ते जोडा आणि अर्ध्या वेगावर या, चौथ्यात पाऊण वेगावर. त्यापुढे जायचंच नाही, प्रयोगही पाऊण वेगावरच होतो. पूर्ण वेगातली मारामारी प्रेक्षकांच्या डोळ्यांना पकडता येत नाही, कुणी कुणाला मारलं हेच कळत नाही. वेग धाकटा ठरवेल. एका वेगावर सलग तीन वेळा खुणा, पट्ट्या आणि पडणं बिनचूक झालं तरच पुढचा, आणि एकदा चुकलं तर मागचा. पाचव्या आठवड्यात नवीन काही बदलायचं नाही. दिग्दर्शकाला शेवटच्या आठवड्यात हमखास काहीतरी सुचतं. ते पुढच्या नाटकात वापरा.

मारामारीची तालीम दिवसाच्या सुरुवातीला घ्या, १५ मिनिटं पुरतात. कॉलेजच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात आणि "एकदा फाइट करून घेऊ आणि जाऊ" असं म्हणून जी केली जाते तीच तालीम अंगाशी येते. दोघांपैकी एक गैरहजर असेल तर बदली माणूस उभा करून करू नका. त्या दिवशी त्या दोघांत खरोखरचं काही बिनसलं असेल तरीही नको.

या १५ मिनिटांसाठी एका माणसाला जबाबदार धरा, त्याला फाइट कॅप्टन म्हणा. तो त्या प्रसंगात नसावा आणि शक्यतो दिग्दर्शकही नसावा, कारण दिग्दर्शकाचं लक्ष प्रसंग रंगतोय का याकडे असतं. कॅप्टन कागद हातात धरून पावलं आणि पट्ट्या बघतो. थोरल्याचा चवडा पट्टीपुढे गेला की थांबवतो. अंतर एका दिवसात कमी होत नाही, रोज बोटभर कमी होतं आणि करणाऱ्या दोघांना ते कळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा मोबाइलवर चित्रीकरण करा, समोरून आणि शेवटच्या बाजूच्या खुर्चीतून, आणि मागच्या आठवड्याच्या चित्रीकरणाशेजारी ठेवून बघा. बाजूच्या खुर्चीतून थप्पड हवेत गेल्याचं दिसतंय का, तेही त्यातच कळतं. दिसत असेल तर दोघांना थोडं वळवा, जवळ आणू नका.

थांबवायचा शब्द तालमीत "होल्ड" ठेवा. "थांब", "सोड", "बस कर" हे सगळे भांडणाच्या संवादात येतात, त्यावर कुणी थांबत नाही. होल्ड म्हणायचा हक्क सगळ्यांना, लाइटवाल्यालाही आणि चहा घेऊन आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही. शब्द ऐकला की जिथे आहात तिथे गोठायचं, उचललेला हात पूर्ण करायचा नाही. प्रयोगात मात्र "होल्ड" ओरडता येत नाही. तिथे खरं नाव वापरा. रंगमंचावर धाकटा थोरल्याला "दादा" म्हणत असतो. त्यानं हळू आवाजात त्याचं खरं नाव घेतलं, तर याचा अर्थ मला खरंच लागलंय, उरलेले घाव सोड आणि पुढच्या संवादावर जा. विंगेत उभा असलेला कॅप्टनही हे ऐकत असतो. पडदा पाडायचा की नाही हे तोच ठरवेल. अशा वेळी अंधार करू नका, लागलेला माणूस खाली असताना त्यावरून दुसरा कुणीतरी अडखळतो.

चौथ्या आठवड्यापासून प्रयोगाचेच कपडे घाला. धोतर पायात येतं, सदऱ्याच्या बाह्या थपडेच्या हाताला अडकतात. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी, चष्मा, काचेच्या बांगड्या काढा, आणि खिसे रिकामे करा. मांडीवर पडताना खिशातला मोबाइल किंवा किल्ल्या जमिनीपेक्षा जास्त लागतात.

स्पर्धेच्या दिवसाची अडचण वेगळी असते. रंगमंच अनोळखी, सेट लावायला मोजकी मिनिटं, तालमीला वेळ नाही. त्यासाठी एक सुतळी तयार ठेवा. खाटेच्या कडेपासून थोरल्याची पट्टी, धाकट्याची पट्टी, कान टेकायची जागा, अशा गाठी मारून ठेवा. सेट लागताना पहिली खाट लागेल, कॅप्टन सुतळी ताणून पट्ट्या चिकटवेल आणि हातानं फळ्या चाचपून वर आलेला खिळा, कुस, सांडलेलं पाणी बघेल. आधीच्या संघानं रांगोळी किंवा पावडर वापरली असेल तर जमीन गुळगुळीत झालेली असते, ओलं फडकं मारून कोरडी करा. मेकअपच्या आधी, सभागृहाच्या आवारात कुठेही, दोघांनी पूर्ण प्रसंग एकदा अर्ध्या वेगानं आणि एकदा प्रयोगाच्या वेगानं करायचाच. हे एकदा झालं म्हणून पुढच्या फेरीत सुटत नाही. अंतिम फेरीला, दहाव्या प्रयोगाला, दर वेळी करायचं. वेळेअभावी ते झालं नाही, तर त्या दिवशी मारामारी नाही.

डोक्याला मार बसला तर मुलगा "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्या दिवशी त्यानं रंगमंचावर पुन्हा जायचं नाही. डोकेदुखी, उलटी, गरगरणं, गोंधळल्यासारखं बोलणं, तेच तेच विचारणं, झोपाळूपणा, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. लक्षणं काही तासांनीही येतात, म्हणून त्या रात्री त्याला खोलीवर एकटं ठेवू नका आणि घरी कळवा. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर त्याला उचलू नका, हलवू नका, १०८ ला फोन करा. तालमीच्या जागी बर्फ कुठे मिळेल आणि गाडी कुणाकडे आहे, हे पहिल्याच दिवशी कागदाच्या मागे लिहून ठेवा.

शेवटचं काम, तेही याच आठवड्यात करा: मारामारीशिवायची आवृत्ती. थोरला हात उचलतो, हवेतच धरतो, धाकटा मागे सरतो आणि आपणहून खाटेवर बसतो. चार घावांऐवजी एकही नाही आणि पुढचे संवाद तेच. तिच्या दोन तालमी घेऊन ठेवा. कुणाचा पाय मुरगळला, सुतळी हरवली, रंगमंच ओला निघाला, तर कॅप्टन विंगेत "कोरडी" एवढंच म्हणेल आणि सगळे तीच आवृत्ती करतील. त्याच्या या शब्दावर दिग्दर्शकानंही वाद घालायचा नाही, हे आजच सगळ्यांसमोर ठरवून टाका.